न पोहोचण्याची मुभा

ओस्लोतल्या कचेऱ्यांमध्ये सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्राभोवती जे बोलणे होते, त्यात ‘तूर’ हा शब्द हमखास ऐकू येतो. मराठी कानाला त्यात डाळ शिजताना दिसते. पण नॉर्वेजियन भाषेत तूर म्हणजे फेरफटका, मग तो घरामागच्या टेकडीवरचा असो की आठवडाभराचा डोंगरातला असो. नोकरीनिमित्त या शहरात आल्यावर सुरुवातीला मी, सह्याद्रीतल्या गडांची यादी मनात बाळगणाऱ्या माणसाच्या सवयीने, लगेच पुढचे प्रश्न विचारीत असे : कुठे गेला होतात, किती चाललात, चढ किती होता? उत्तरे फार मोघम येत. तळ्यापलीकडच्या जंगलात गेलो, बसलो, कॉफी प्यायलो, पाऊस आला, परत आलो. सांगण्यासारखे जे होते ते एवढ्यात सांगून झालेले असे. अंतर आणि उंची हे त्या फेरफटक्याचे विषयच नव्हते.

या वृत्तीचे नाव फ्रीलुफ्ट्सलिव. फ्री म्हणजे मुक्त, लुफ्ट म्हणजे हवा आणि लिव म्हणजे जीवन. मधला ‘स’ आपल्या षष्ठीच्या प्रत्ययासारखा दोन भाग सांधतो. हेन्रिक इब्सेन यांच्या १८५९ सालच्या एका दीर्घ कवितेत हा शब्द छापील रूपात प्रथम आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या कवितेतला तरुण आई आणि प्रेयसी यांना खोऱ्यात सोडून डोंगरात जातो आणि उन्हाळी चराईच्या एका ओस झोपडीत, एक चूल आणि एक तिवई एवढ्या सामानावर, आपल्या विचारांना मोकळ्या हवेतले जीवन लाभल्याचे सांगतो. पर्यटनाच्या जाहिरातींत कविता इथेच संपते. मूळ कविता मात्र पुढे जाते, आणि नाताळच्या रात्री खाली आपले घर आईसह पेटलेले तो वरून पाहत असताना, शेजारी उभा असलेला एक अनोळखी शिकारी त्याला त्या आगीच्या आणि चांदण्याच्या दुहेरी प्रकाशाचे सौंदर्य समजावून देत राहतो. डोंगरात एकटे राहिल्याने माणूस आपोआप निर्मळ होतो, अशी इब्सेन यांची समजूत नव्हती हे उघड आहे. आजचे फ्रीलुफ्ट्सलिव या तरुणाच्या वाटेने गेले नाही, हे मला त्याचे मोठे भाग्य वाटते. ते एकांताच्या ओढीइतकेच शेजारधर्मावर उभे राहिले.

त्याचे रोजचे रूप अगदी साधे आहे. रविवारी ओस्लोच्या मेट्रोने उत्तरेच्या टोकाच्या सोन्ग्सव्हान स्थानकावर उतरावे, तर तळे आणि जंगल समोरच सुरू होते. हिवाळ्यात त्याच गाडीत बर्फावरच्या लांब स्की उभ्या धरून माणसे दाटीने उभी असतात. प्रत्येकाच्या पाठपिशवीत थर्मास, ब्राऊन चीजचे पाव, क्विक लुन्श नावाचे वेफरचे चॉकलेट आणि बुडाखाली घ्यायची फोमची एक घडी असते. ही घडी मला या साऱ्या संस्कृतीतली सर्वांत बोलकी वस्तू वाटते, कारण ती चालण्यासाठी नसून बसण्यासाठी आहे. ओल्या खडकावर किंवा बर्फावर अर्धा तास बसायचे तर अंगातली ऊब खालून निघून जाते. म्हणून आधी घडी, मग अंगावर लोकरीचा पातळ थर, वर वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गारठवतो, हे इथल्या बालवाडीतल्या मुलांनाही ठाऊक असते, कारण त्यांचा दिवसातला बराच वेळ पावसापाण्यात बाहेरच जातो.

परंतु बसायला जागा हवी, आणि जागा कोणाच्या तरी मालकीची असतेच. इथे १९५७ सालचा एक कायदा कामी येतो. जंगलातून, माळावरून, डोंगरावरून कोणीही पायी जावे ही जुनी वहिवाट या कायद्याने लेखी केली. कायदा जमिनीचे दोन भाग करतो : एक घराभोवतालचे अंगण, शेते, लागवडीची कुरणे अशी कसलेली जमीन, आणि दुसरी बाकीची सगळी रानजमीन. रानजमीन खासगी मालकीची असली तरी तिच्यावरून चालायला, तिथली बोरांसारखी रानफळे आणि अळंबी वेचायला मालकाची परवानगी लागत नाही. तंबू ठोकायचा तर वस्तीच्या घरापासून निदान १५० मीटर दूर राहावे आणि एका जागी दोन दिवसांहून अधिक मुक्काम करायचा असल्यास मालकाला विचारावे. उंच डोंगरात, वस्तीपासून लांब, हे विचारणेही आवश्यक नाही. मोटारीने मात्र हा हक्क मिळत नाही, तो पायांचा आणि स्कींचा आहे.

समजा, एका खोऱ्यात शेतकऱ्याचे घर आहे, घरापुढे गव्हाचे शेत आहे आणि शेतामागे भूर्जवृक्षांचे जंगल चढत गेले आहे. मे महिन्यात कोंब वर आलेले असताना त्या शेतातून पाऊलही टाकता येत नाही. वाटसरूने बांधाबाहेरून वळसा घालून जंगल गाठावे. तेच शेत जानेवारीत बर्फाखाली गेले की वाटसरू स्कीवरून त्याच्या मधोमध निघून जातो आणि शेतकरी खिडकीतून हात करतो, कारण १५ ऑक्टोबर ते २९ एप्रिल या काळात गोठलेल्या किंवा बर्फाने झाकलेल्या शेतावरून जाण्याची कायद्याने मुभा दिलेली आहे. घराचे अंगण मात्र बाराही महिने घरधन्याचेच असते. हक्काचे माप इथे मालकीच्या कागदावर ठरत नाही. पायाखाली चिरडण्यासारखे काही आहे का, यावर ते ठरते. म्हणूनच कायदा वाटसरूवर सांभाळून वागण्याचे बंधनही घालतो, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात किंवा जंगलाजवळ उघडी आग पेटवण्यास मनाई करतो. जिथे आगीचा धोका मुळीच नाही, तेवढ्या जागा त्यातून सुटतात.

हा शेजारधर्म सर्वांत स्पष्ट दिसतो तो डोंगरातल्या झोपड्यांमध्ये. १८६८ साली स्थापन झालेल्या नॉर्वेजियन पदभ्रमण संघाच्या पाचशेहून अधिक झोपड्या देशभर आहेत आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी राखणदारच नसतो. सभासदाला अनामत भरून एक ठराविक किल्ली मिळते आणि तिने अशा बहुतेक झोपड्या उघडतात. आत शिरल्यावर क्रम ठरलेला आहे : वहीत नाव आणि पुढचा बेत लिहायचा, शेगडी पेटवायची, ओढ्यावरून पाणी आणायचे किंवा बर्फ वितळवायचा. कोठीघरात माशांच्या गोळ्यांचे डबे, राय या धान्याची कुरकुरीत भाकरी, सुक्या सुपाची पाकिटे ठेवलेली असतात. जे घ्याल ते स्वतः कागदावर मांडायचे आणि पैसे नंतर भरायचे. रात्री उशिरा कोणी आले आणि खाटा भरलेल्या असल्या, तरी त्याला परत पाठवत नाहीत, जमिनीवर गादी टाकतात.

निघतानाचे काम अधिक महत्त्वाचे असते. भांडी, फरशी, राखेचा डबा हे तर ओघाने आलेच, पण लाकडे फोडून, बारीक ढलप्या काढून शेगडीजवळ ठेवल्याखेरीज निघू नये असा दंडक आहे. त्याचे कारण भावनिक नाही. पुढचा माणूस वादळातून येईल तेव्हा त्याची बोटे बधिर झालेली असतील, त्याला कुऱ्हाड धरता येणार नाही, फार तर काडी ओढता येईल. त्या माणसाची आणि आपली कधी भेट होणार नाही, आणि तरी सकाळची पंधरा-वीस मिनिटे त्याच्यासाठी द्यायची असतात. झोपडीत पोहोचल्यावर पहिल्या काडीत जाळ धरला, तर आदल्या मुक्कामींचे संस्कार चांगले होते असे समजावे.

आता न पोहोचण्याविषयी. १९६७ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा माणसे दगावली आणि त्यानंतर डोंगरात वागण्याचे नऊ नियम घरोघरी पोहोचवण्यात आले. त्यांतला आठवा नियम सांगतो की वेळीच मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. बाकीचे नियम नकाशा, होकायंत्र, हवामान, हिमलोट यांविषयी आहेत. हा एकच माणसाच्या मानाला हात घालतो, आणि माझ्या मते म्हणूनच तो लोकांच्या तोंडी बसला. वाऱ्याची दिशा बदलली, वाटेच्या खुणेची लाल टी अक्षरे दिसेनाशी झाली, ठरल्या वेळेत निम्मी वाट सरली नाही, यांपैकी काहीही कारण पुरते, आणि सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी ‘आम्ही अर्ध्यातून फिरलो’ हे वाक्य कोणी ओशाळून उच्चारीत नाही.

ही वृत्ती तीन नॉर्वेजियनांनी हिमालयापर्यंत नेली. तत्त्वज्ञ आर्ने नेस, ज्यांनी गांधीविचारांवर ग्रंथ लिहिले आणि ज्यांनी १९५० साली पाकिस्तानातल्या तिरिच मीर शिखराच्या पहिल्या यशस्वी मोहिमेचे नेतृत्व केले, हे १९७१ मध्ये नील्स फोर्लुंड आणि सिग्मुंड क्वालोय यांच्याबरोबर नेपाळमधल्या गौरीशंकरकडे गेले. शेर्पा लोक त्या डोंगराला त्सेरिंग्मा म्हणतात आणि पवित्र मानतात. माथ्यावर जायचेच नाही, असे ठरवून निघालेली ही तुकडी होती. फोर्लुंड यांनी त्याआधीच हेमसेदालच्या डोंगरात एक शाळा काढली होती, आणि तिथे खेळाची चुरस बाजूला ठेवून निसर्गात राहायला शिकवले जाई.

आता शेर्पा नॉर्वेत येतात. ल्युसेफ्योर्ड या समुद्राच्या खाडीच्या पाण्यावर ६०४ मीटर उंचीवर टेबलासारखा सपाट असलेला प्रेइकेस्तूलेन हा कडा पाहायला दर वर्षी लाखो लोक येतात, बहुतेक छायाचित्रासाठी. चिखल टाळायला माणसे वाटेच्या कडेने चालतात, कडेचे गवत मरते, मग आणखी कडेने चालतात. अशी पायवाट बघता बघता अनेक मीटर रुंद होते आणि पावसात तिच्यातली माती वाहून जाते. दगड रचून पायऱ्या बांधण्यात मुरलेल्या नेपाळी शेर्पांना म्हणून बोलावण्यात आले आणि त्यांनी त्या वाटेचे मोठे भाग दगडांनी बांधून काढले. माझ्या कचेरीतल्या काही जुन्या चालणाऱ्यांना हे रुचत नाही. पायऱ्या आल्या म्हणजे डोंगराचा जिना झाला, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. कायद्याने वाट सर्वांना खुली ठेवली आहे, छायाचित्र काढून लगेच परतणाऱ्यालाही, आणि इतक्या पायांना माती पुरणार नसेल तर दगड घालावेच लागतील. ते जुने चालणारे तूर्त जुलैत तिकडे फिरकत नाहीत. ऑक्टोबरात, धुक्याचा दिवस पाहून जातात, आणि कड्यावरून काहीही दिसले नाही हे सोमवारी अगदी समाधानाने सांगतात.