कौलातल्या काचेखालचा अंधार

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून दादा आले, तेव्हा त्यांच्या पेनड्राइव्हवर एकच फाईल होती. जुने कौलारू घर उतरवण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या वडिलांनी मोबाईल हातात धरून अंगणापासून परसापर्यंत न थांबता केलेले ते चित्रण होते. आता घरही नाही आणि वडीलही नाहीत, त्यामुळे पुन्हा चित्रण करण्याचा प्रश्नच नव्हता. दादा एवढेच म्हणाले, "ताई, मध्येमध्ये उजेड उड्या मारतोय बघा. तेवढं थांबतंय काय बघा की."

बेळगावातच एका ठिकाणी त्यांनी आधी हे काम दिले होते. तिथे फ्लिकर घालवणारा तयार इफेक्ट संपूर्ण क्लिपवर चढवून काम परत दिले होते. तो इफेक्ट एका फ्रेमहून दुसऱ्या फ्रेमला होणाऱ्या थरथरीसाठी असतो. ट्यूबलाइटखालच्या किंवा टाइमलॅप्सच्या चित्रणात त्याचा उपयोग होतो. इथला बदल अर्ध्या सेकंदाचा होता आणि नंतर बराच वेळ टिकणारा होता. त्यामुळे मूळ उडी तशीच राहिली आणि तिच्या आजूबाजूचे चित्र मात्र श्वास घेतल्यासारखे वरखाली होऊ लागले. ग्राहकाला परत द्यायची वस्तू आधी एकदा तरी पडद्यावर पाहावी, एवढी अपेक्षा ठेवणे चूक नाही असे मला वाटते.

मोबाईलच्या कॅमेऱ्याचे छिद्र बहुधा ठरावीक मापाचे असते. उजेड कमीजास्त झाला की फोन शटरचा वेळ आणि आयएसओ बदलतो, आणि चौकटीत काय आले यावर ते ठरवतो. बोट पडद्यावर दाबून धरले तर बहुतेक फोनमध्ये हा हिशेब तिथेच थांबतो, पण हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. शिवाय फोनच्या फायलीत फ्रेममधले अंतर बहुधा सारखे नसते. तशा फाईलवर कीफ्रेम, म्हणजे कोणत्या फ्रेमला किती दुरुस्ती हवी ते सांगणारे टप्पे, ठेवले तर ते एखाददुसऱ्या फ्रेमने सरकल्यासारखे वागतात, म्हणून पहिल्यांदा फाईल स्थिर गतीची करून घेतली:

```
ffmpeg -i ghar.mp4 -vf fps=30 -c:v prores_ks -profile:v 3 -c:a pcm_s16le ghar.mov
```

सगळ्यात अवघड जागा माजघरात होती. तिथे कौलांमध्ये उजेडासाठी एक काचेचे कौल बसवलेले होते. दादांचे वडील भिंत दाखवत दाखवत फोन वर नेतात, ते कौल चौकटीत येते आणि फोन साऱ्या माजघराला अंधारात ढकलतो. मोजमापासाठी मी चुन्याच्या भिंतीवरचा, खुंटीशेजारचा तळहाताएवढा भाग निवडला, कारण तो बदलाच्या आधी, बदल होताना आणि नंतरही चौकटीत राहतो. डोळा अशा वेळी फसतो, कारण तो स्वतःच उजेडाशी जुळवून घेत असतो. वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातला उजेड आकड्यांत दाखवणारा आलेख, फसत नाही. ० ते १०२३ च्या मापावर तो भाग आधी ५२० ला होता आणि नंतर ४३० ला जाऊन स्थिरावला.

डाविंची रिझॉल्व्ह या रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा गेन, म्हणजे चित्रातल्या आकड्यांना गुणणारा आकडा, वाढवला तर भिंत जुळते, पण तिच्या शेजारचा सागवानी खांब जुळत नाही, कारण चित्रातले आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. त्यासाठी वेगळा नोड, म्हणजे दुरुस्तीचा स्वतंत्र टप्पा, घेऊन त्याचा गॅमा लिनिअर केला, म्हणजे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात आणले. आता गेन २ म्हणजे एक पूर्ण स्टॉप, म्हणजेच दुप्पट उजेड. इथे १.५८ ला भिंत ५२० वर परतली, म्हणजे फोनने साधारण दोन-तृतीयांश स्टॉप उजेड काढून घेतला होता. खांबही जवळजवळ बरोबर बसला. पूर्ण तंतोतंत बसत नाही, कारण फोन स्वतःचा टोन कर्व्ह आधीच चित्रात मुरवून ठेवतो.

आता कीफ्रेम कुठे ठेवायचे, हा प्रश्न. काच चौकटीत येते तिथे पहिला कीफ्रेम ठेवावा असे कोणालाही वाटेल. पण फोन पाच-सहा फ्रेम विचार करतो आणि मगच हलतो, त्यामुळे पहिला कीफ्रेम वेव्हफॉर्मवर भिंत उतरू लागण्याच्या आधीच्या शेवटच्या फ्रेमवर गेला. तिथून अठरा फ्रेममध्ये उतरण संपते, मात्र ती सरळ रेषेत होत नाही. आधी झपाट्याने आणि शेवटी हळूहळू होते. नवव्या फ्रेमलाच भिंत ४५५ वर आलेली होती. दोन्ही टोकांना मधले आकडे सरळ रेषेत भरणारे दोनच डायनॅमिक कीफ्रेम ठेवले असते, तर नवव्या फ्रेमला गेन १.२९ मिळाला असता आणि भिंत ५०६ च्या आसपास राहिली असती. पापणी लवल्यासारखा तेवढा एक अंधार उरला असता आणि पाहणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगताही आले नसते. म्हणून नवव्या फ्रेमवर १.३८ चा तिसरा कीफ्रेम ठेवला आणि शेवटच्या टप्प्याचा वेग वक्राने मंदावला. काच चौकटीबाहेर गेल्यावर फोन परत उजळतो, पण त्याला चाळीसेक फ्रेम लागतात, त्यामुळे आधीचे कीफ्रेम उलटे चिकटवून भागत नाही.

पांढरेपणाचा तोलही त्याच सुमारास बदलतो आणि भिंत निळसर होते, पण तो बदल उजेडाच्या मागून, सावकाश येतो. त्याला वेगळा नोड आणि वेगळे कीफ्रेम दिले. दोन्ही एकाच नोडमध्ये कोंबणारे एडिटर मग तासन्‌तास कशाशी झगडत बसतात, हे मी पाहिलेले आहे.

स्वयंपाकघरात गणित उलटे होते. चुलीच्या काजळीने काळ्या झालेल्या भिंतीसमोर फोनने उजेड भरपूर वाढवला आणि परसाकडचे दार पूर्ण पांढरे जळून गेले. अंधार वर उचलला तर चित्र खरखरीत होते, ते सोसता येते. जळालेला भाग खाली आणला तर मात्र त्यात काहीच सापडत नाही. गेन ०.६ केला की १०२३ चे दार ८२७ वर येते आणि तिथे करड्या पत्र्यासारखा सपाट ठिपका दिसतो. त्यामुळे मी स्वयंपाकघर थोडेच उतरवले, आधीचे माजघर थोडे चढवले आणि सर्वांत उजळ भाग मऊ कडेच्या निवडीने उतरणीतून वगळला. दार पांढरेच राहिले. परसातला माड त्यात दिसत नाही, आणि तो आणून देणे कोणाच्याही हातात नाही.

अंगणातून सोप्यात शिरतानाची उडी मात्र मी पुसली नाही, आणि याच निर्णयाचा विचार अजून मनात चालू आहे. काच चौकटीत आल्याने खोली अंधारत नसते, तो फोनचा खोटेपणा होता. पण उन्हातून सोप्यात पाऊल टाकले की क्षणभर काहीच दिसत नाही, हे त्या घरात राहिलेल्या प्रत्येकाने अनुभवलेले आहे. तिथला अंधार काढून टाकला असता तर आतबाहेर एकसारखा उजेड झाला असता आणि उंबरठा उंबरठा राहिला नसता. फोन मात्र अर्ध्या सेकंदात झटकन उजळत होता. म्हणून तो उजळून झाल्याच्या जागी गेन एकच्या खाली ठेवला आणि दोन सेकंदांत सावकाश एकवर आणला. दादांनी ते पाहिले आणि तिथे काही बदल केला आहे का, असे विचारले नाही. माझ्या सहकाऱ्याचे मत आहे की ग्राहकाने उड्या थांबवायला सांगितल्या होत्या, तेव्हा तीही पूर्ण काढायला हवी होती. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही; तरी पुन्हा ते काम आले तर मी दोन सेकंदांचे फार तर अडीच करीन.