चिठ्ठीतला चार आणि तेवीस हजार सहाशे

सोमवारी सकाळी शाखेचं शटर पूर्ण वर जायच्या आत ते काका दारात उभे होते. हातात एक चुरगळलेली चिठ्ठी आणि मोबाइल. घराच्या कामाचे १,८०,००० रुपये त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी ॲपवरून एनईएफटीने मिस्त्रींना पाठवले होते. मिस्त्रींना ते मिळालेच नव्हते.

चिठ्ठी मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली होती. बाकी सगळे आकडे इंग्रजीत, आणि शेवटून चौथा आकडा मात्र सवयीने मराठीतला ४. घाईत लिहिलेला मराठी चार वरून जुळला की थेट इंग्रजी आठ दिसतो. काकांनी तो आठ वाचला. ॲप खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतं, पण ती सोय बोटाची चूक पकडते, डोळ्याची नाही. त्यांनी दोन्ही वेळा त्याच चिठ्ठीवरून आठच टाकला.

आधी एक रुपया पाठवून पाहिला होता, असं काका पुन्हा पुन्हा सांगत होते. तो 'यशस्वी' झाला होता. हे माझ्यासमोर किती वेळा येतं! यशस्वी म्हणजे त्या क्रमांकाचं खातं अस्तित्वात आहे, एवढंच. तो रुपया कोणाला मिळाला हे समोरच्याला फोन करून विचारलं तरच कळतं, आणि तो फोन सहसा कोणी करत नाही.

मग मी नावाचं विचारलं. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे, तीही मोफत. काकांना नाव दिसलं होतं. ते मिस्त्रींचं नव्हतं. "मला वाटलं, पोराच्या नावावर खातं असेल." मी काही बोलले नाही. नाव दिसतं, पण ते जुळलं नाही म्हणून व्यवहार थांबत नाही. पैसे जमा करणारी बँक फक्त खाते क्रमांक बघते. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच तसं स्पष्ट केलेलं आहे, आणि काउंटरवर आलेल्या दहातल्या नऊ माणसांना ते खरं वाटत नाही.

मी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, टाकून व्यवहार काढला. जमा झाल्याचा `N10` संदेश शुक्रवारी संध्याकाळीच आलेला होता. एकदा तो आला की पैसे वाटेत नसतात, माणसाच्या खात्यात असतात. क्रमांक चुकून असं खातंच नसतं, तर ज्या बॅचमध्ये म्हणजे गटात तो व्यवहार गेला ती पूर्ण झाल्यावर रक्कम दोन तासांत आपोआप परत यायला हवी होती. काही बँकांच्या खाते क्रमांकातला शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. तिथे मधला एक आकडा चुकला की खातं सापडतच नाही आणि चूक करणारा वाचतो. इथे तसं काही नव्हतं. आठ टाकल्यावर एका खऱ्याखुऱ्या माणसाचं खातं निघालं.

मला खरा राग आला तो पुढचं ऐकून. ७ तारखेचा तो शुक्रवार, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार. बँक बंद असली तरी काकांनी शनिवारी सकाळीच आमच्या हेल्पलाइनला फोन केला होता. तक्रार क्रमांकही मिळाला होता. मी तो उघडून पाहिला. फोन घेणाऱ्याने तक्रार 'व्यवहार अयशस्वी' या सदरात टाकलेली. यंत्रणेने व्यवहार तपासला, तो यशस्वी दिसला, आणि तक्रार त्याच दिवशी आपोआप बंद. चुकीच्या खात्यात गेलेल्या पैशांसाठी वेगळं सदर आहे, यादीत खाली आहे. फोन घेणाऱ्याने काकांचं बोलणं पुरतं ऐकलं असतं तर ते सापडलं असतं. अशा प्रकरणात पहिले काही तास हेच सगळं काही असतं आणि आम्ही दोन दिवस घालवले.

काकांकडून अर्ज लिहून घेतला. यूटीआर, तारीख, रक्कम, पाठवलेला क्रमांक, पाठवायचा होता तो क्रमांक, आणि चूक कशी झाली ते त्यांच्याच शब्दांत. चिठ्ठीची प्रत जोडली. ती जोडण्याचं कारण असं की समोरच्या बँकेला ही चूक आहे हे पटावं लागतं. कोणी व्यवहार बिनसला म्हणून दिलेले पैसे 'चुकून गेले' म्हणून मागत असेल तर? एका आकड्याचा फरक आणि मराठी चार दिसला की कोणालाही उलगडा होतो.

त्या बँकेच्या एनईएफटी ग्राहक सुविधा केंद्राला आणि शाखेला मेल पाठवला. मागणी दोनच: खात्यात उरलेल्या रकमेवर शक्य असेल तर होल्ड लावावा, आणि खातेदाराची लेखी संमती घेऊन रक्कम परत करावी. आमची बँक ते पैसे ओढून घेऊ शकत नाही. त्यांची बँकसुद्धा खातेदाराला न विचारता ते काढत नाही. बँकेच्या हातून चुकून दोनदा जमा झालं असतं तर गोष्ट वेगळी, ती नोंद बँक उलटवते. पण ग्राहकाने स्वतः दिलेल्या आदेशाप्रमाणे जमा झालेली रक्कम ही समोरच्याच्या खात्यातली रक्कम.

मेल पाठवून मी शाखेत फोनही केला, कारण मेल कुठे पडून राहतात ते मला माहीत आहे. तिकडच्या मॅडमनी तासाभरात उलट फोन केला. खातेदाराची कोणतीही माहिती मला देता येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, आणि ते योग्यच होतं. काका माझ्या टेबलासमोर बसून पत्ता मागत होते. "नाव तर मला दिसलंच आहे मॅडम, नुसता पत्ता द्या, मी हात जोडून मागतो त्यांच्याकडे." पत्ता माझ्याकडे नव्हताच. असता तरी दिला नसता. खवळलेला किंवा रडकुंडीला आलेला माणूस अनोळखी घराच्या दारात जाऊन उभा राहिला की पुढे काय होतं, ते मी एकदा पाहिलेलं आहे.

मॅडमनी त्यांच्या खातेदाराला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि फोन कापला. दुसऱ्यांदा उचललाच नाही. त्याला दोष देता येत नाही. 'तुमच्या खात्यात चुकून पैसे आले आहेत, परत पाठवा' हा फोन आजकाल बहुतेक वेळा भामट्यांचाच असतो. मॅडमनी तेव्हा जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी शाखेच्या लँडलाइनवरून पुन्हा फोन केला आणि सांगितलं, "पैसे कोणालाही पाठवू नका, मलाही नाही. ओटीपी सांगू नका. फक्त पासबुक घेऊन शाखेत या, नोंद स्वतः बघा." बुधवारी तो गेला. तिशीचा, भाड्याची रिक्षा चालवणारा माणूस, एवढंच मॅडमनी मला नंतर सांगितलं.

त्याने पासबुक भरून घेतलं आणि लगेच म्हणाला, माझे नाहीत, परत करा. सही करायला तयार. आणि इथेच ते अडकलं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

खात्यात १,८०,००० नव्हते. १,५६,४०० होते. त्याने एक पैसाही काढला नव्हता. त्याच बँकेत त्याचं कर्ज होतं, दोन हप्ते थकलेले. खात्यात पैसे दिसले की थकबाकी वळती करून घ्यायची, अशी सूचना त्या कर्जावर लावलेली. शुक्रवारी रात्री डे-एंड झाला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाला, तेव्हा यंत्रणेने २३,६०० रुपये कर्जात वळते केले. कोणा माणसाने काही ठरवलं नाही. तो झोपेत असताना दुसऱ्याच्या पैशाने त्याची थकबाकी फिटली.

उरलेली रक्कम सोपी होती. संमतिपत्र झालं, त्यांच्या बँकेने नव्या यूटीआरने १,५६,४०० काकांच्या खात्यात गुरुवारी पाठवले. पण २३,६०० कोणी द्यायचे? मी मॅडमना म्हटलं, कर्जखात्यातली नोंद उलटवा, ही वसुली त्याच्या पैशातून झालेलीच नाही. त्यांनी वर विचारलं. उत्तर आलं, सूचनेप्रमाणे झालेली वसुली उलटवता येणार नाही, खातेदाराने आपली व्यवस्था करावी. कागदावर हे उत्तर चुकीचं नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७२ सांगतं, चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने परत केले पाहिजेत, आणि त्याचं कर्ज तेवढ्याने कमी झालं म्हणजे फायदा त्यालाच झाला. पण ज्याला दोन हप्ते भरता आले नव्हते, त्याच्याकडून आठवड्यात तेवीस हजार मागायचे?

त्याने नकारच दिला असता, तर काकांपुढे पोलीस तक्रार आणि दिवाणी दावा एवढंच उरलं असतं. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेच्या दिरंगाईची तक्रार करता येते, पण लोकपाल त्या रिक्षावाल्याला पैसे द्यायला लावू शकत नाही. आणि मला प्रामाणिकपणे वाटतं, त्या माणसाविरुद्ध तक्रार लिहायला माझा हात धजावला नसता.

मॅडमनीच मार्ग काढला. त्याने चार हप्त्यांत, दर महिन्याच्या १० तारखेला ५,९०० रुपये काकांच्या खात्यात भरायचे, असं लेखी दिलं. काकांनी अर्धा दिवस विचार करून होकार दिला. मिस्त्रींचं देणं त्यांनी मोडलेल्या ठेवीतून भागवलं. त्या ठेवीवर मुदतीआधी मोडल्याचा भुर्दंड बसला, तो कोणाच्याच हिशेबात आला नाही.

शनिवारीच होल्ड लागला असता तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं. वळती शुक्रवारी रात्रीच झाली होती, तेव्हा ते २३,६०० तरीही गेलेच असते. तरी हेल्पलाइनला मी माफ करू शकत नाही. त्या दोन दिवसांत हा माणूस दुसऱ्या स्वभावाचा असता, तर बाकीचे दीड लाखही गेले असते. सदराच्या यादीत 'चुकीच्या खात्यात रक्कम' हे सर्वांत वर आणा, असं मी मुख्यालयाला लिहिलं आहे. अजून उत्तर नाही.

तीन हप्ते आले, तीनही ठरल्या तारखेला. चौथा येत्या १० तारखेला आहे. तिसऱ्या वेळी काका शाखेत आले होते. त्या माणसाचं कर्ज पुन्हा थकलं का, एवढं तरी त्या मॅडमना विचाराल का, असं ते मला म्हणाले. मी विचारू शकत नाही, आणि त्या सांगूही शकत नाहीत.