निळा शेपर्ड, लाल शेपर्ड

‘मास इफेक्ट’ दुसऱ्यांदा खेळायला घेतला तेव्हा ठरवूनच बसलो होतो, या खेपेला वाईट वागायचं. पहिल्या वेळी मी इतका सज्जन होतो की माझाच मला कंटाळा आला होता. यानात जो भेटेल त्याची विचारपूस, कुणाचं काही हरवलं की शोधायला मी तयार. आता नाही. आता समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडायचं, मुलाखत घ्यायला आलेल्या पत्रकार बाईंना ठोसा लगावायचा आणि पुढे चालू लागायचं.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कमांडर शेपर्ड नावाचा एक सैनिक, एक अंतराळयान, आणि रीपर नावाची अजस्र यंत्रं, जी आकाशगंगेतली सगळी प्रगत जीवसृष्टी संपवायला निघाली आहेत. बायोवेअर कंपनीने ही गोष्ट २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत सांगितली. तुम्ही काय बोलता, काय करता त्याचे गुण जमत जातात. समजूतदारपणाचे निळे, त्यांना म्हणायचं पॅरागॉन. आडदांडपणाचे लाल, ते रेनेगेड. थोडक्यात चित्रगुप्ताची वही, फक्त पाप-पुण्याचे रकाने रंगीत, आणि वही आपल्याला हवी तेव्हा उघडून बघता येते.

दुसऱ्या भागात लाल गुण वाढले की शेपर्डच्या चेहऱ्यावरच्या जखमा भरत नाहीत, उलट त्यातून तांबडा उजेड दिसायला लागतो. आई मागून जाता जाता थबकली. म्हणाली, “अगं बाई, याला भाजलं की काय?” म्हटलं, वाईट वागतो म्हणून झालंय. “मग आता हरणार का तो?” मला उत्तर माहीत होतं. नाही हरणार. आधी जिथे पोचला होता तिथेच पोचणार.

रॅक्नायच्या राणीचंच बघा. पहिल्या भागात नोवेरिया नावाच्या बर्फाळ ग्रहावर एका प्रयोगशाळेत ही राणी काचेच्या टाकीत कोंडलेली सापडते. कीटकासारखी जात, एके काळी साऱ्या आकाशगंगेशी लढलेली, आणि सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे नामशेष झालेली. तिला स्वतःला बोलता येत नाही, म्हणून ती एका मरणासन्न सैनिकाच्या तोंडून बोलते आणि जीवदान मागते. तिला सोडून द्यायचं की टाकीत आम्ल सोडून अख्खी जात कायमची संपवायची, हे तुमच्या हातात. पहिल्या खेपेला मी इथे बराच वेळ अडून बसलो होतो. दुसऱ्या खेपेला आम्ल सोडलं.

आता तिसरा भाग. राणीला सोडलेलं असेल तर रीपर्सनी तिला पकडून कैद केलेलं असतं आणि तिच्या पिल्लांची लढाऊ जनावरं बनवलेली असतात. आणि मारलेलं असेल तर? तर रीपर्सनी एक कृत्रिम राणी तयार केलेली असते आणि तिच्या पिल्लांची लढाऊ जनावरं बनवलेली असतात. बोगदे तेच, शत्रू तेच, शेवटी राणीला वाचवायचं की नाही हा प्रश्नही तोच. फरक एवढाच की खरी राणी वाचवली तर तुमच्या युद्धबळात शंभर गुण जमा होतात, आणि नकली वाचवली तर ती दगा देते, शंभर वजा होतात. एकूण बेरीज हजारांत चालते. अख्खी जात मारली की जगवली, याची किंमत शंभर.

चिडायचं नाही असं ठरवून मी हिशोब मांडून पाहिला. गोष्टीत असे फक्त दहा निर्णय घ्या, प्रत्येकाला दोनच वाटा, आणि प्रत्येक वाट पुढे खरोखर वेगळी जाऊ द्या. दहाव्या वळणावर १०२४ गोष्टी झाल्या. प्रत्येकीसाठी प्रसंग लिहा, जागा उभ्या करा, आवाज ध्वनिमुद्रित करा. शेपर्डचे संवाद तर मुळातच दोनदा मुद्रित होतात, एकदा पुरुषाच्या आवाजात आणि एकदा बाईच्या. म्हणून लेखक करतात काय, तर रस्ता गावाला वळसा घालून पुन्हा हायवेला आणून सोडतात. त्यातून जॉन एबेंजर या बायोवेअरच्या माजी कर्मचाऱ्याने २०२० मध्ये ट्विटरवर सांगितलं की सुमारे ९२ टक्के लोक पॅरागॉनच खेळले. म्हणजे लाल शेपर्डवर खपून केलेलं काम बहुतेकांनी पाहिलंच नाही. पुढच्या वेळी त्या वाटेवर कोण पैसे घालणार?

पण खर्च हे अर्धंच कारण आहे. खरी गोम या लाल-निळ्या गुणांच्या मीटरच्या घडणीत आहे, आणि ती मला रेक्सच्या प्रसंगात लक्षात आली. रेक्स हा आपल्याच यानावरचा धिप्पाड सोबती. एका मोहिमेच्या तोंडावर तो बिथरतो आणि आपल्यावर बंदूक रोखतो. मन वळवण्याचं कौशल्य पुरेसं असेल तर निळं वाक्य उमटतं, दरडावण्याचं असेल तर लाल. निळं निवडलं, रेक्स शांत होतो. लाल निवडलं, तरी रेक्स शांतच होतो. एकाच दाराच्या दोन किल्ल्या. दोन्ही रंग नसतील तर मात्र त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणजे इथे तुम्ही चांगले की वाईट याला महत्त्व नाही. कुठला तरी एक रंग गडद हवा. दुसऱ्या भागात तर हे उघडच होतं. मिरांडा आणि जॅक या यानावरच्या दोघी सोबतिणींचं भांडण जुंपतं तेव्हा रंग पुरेसा गडद नसेल तर दोघींपैकी एकीची निष्ठा जाते, आणि पुढे तिच्या जिवावर बेतू शकतं. जो माणूस प्रसंग पाहून कधी मऊ, कधी कडक वागला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा वागला, तोच नेमका अडकतो.

शेवट ठरलेला आहे: शेपर्डला रीपर्सशी लढायचंच आहे. लाल शेपर्ड रीपर्सना सामील होऊ शकत नाही, ‘मला काय त्याचं’ म्हणून घरी बसू शकत नाही. तसं झालं तर गेम तिथेच संपेल. मग वाईटपणाला उरतं काय? तर तऱ्हा. जग वाचवायचंच, पण तुसडेपणाने. मी दुसऱ्या खेपेला स्वतःला खलनायक समजत होतो, प्रत्यक्षात तेच सत्कार्य शिव्या देत करत होतो. असे लोक आमच्या नात्यातही आहेत, आणि लग्नकार्यात सगळ्यात जास्त राबतात तेच.

गंमत म्हणजे सगळ्यात जिव्हारी लागलेल्या निर्णयाशी मीटरचा संबंधच नव्हता. वर्मायर ग्रहावर केडन आणि अॅशली या दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येतं. तिथे ना लाल आहे ना निळं. (तिसऱ्या भागात जो वाचला तो दुसऱ्याच्या जागी येऊन उभा राहतो, ते सोडा.) आणि २०११ च्या ‘विचर २’ या गेममध्ये मीटर नाहीच, पण तिथे पहिल्या अंकाच्या शेवटी रोश आणि योर्वेथ या दोघांतल्या एकाची बाजू निवडली की दुसरा अंक वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच माणसांत घडतो. एकदाच खेळणाऱ्याला त्यातला अर्धा अंक कधी दिसतच नाही. एवढा खर्च अंगावर घेणारी माणसं थोडी.

तिसऱ्या भागाच्या शेवटी रंग पुन्हा येतात. रीपर्सचा नाश लाल, त्यांच्यावर ताबा निळा, आणि तिसरी हिरवी वाट. यातल्या कोणत्या वाटा उघड्या असतील हे तुम्ही जमवलेलं युद्धबळ ठरवतं. वहीला कुणी विचारत नाही. वर लाल वाट दाखवताना त्या वाटेवर दिसतो तो कॅप्टन अँडरसन, अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात सरळ माणूस.

आईला हे सगळं सांगत बसलो नाही. तिला त्या तोंडाचंच वाईट वाटत होतं. दुसऱ्या भागात यानाच्या दवाखान्यात त्यावर उपचार करून घेता येतात, खर्च ५०,००० प्लॅटिनम. त्यासाठी ग्रहामागून ग्रह धुंडाळत प्रोब टाकायचे आणि खनिजं गोळा करायची. दोन संध्याकाळी मी तेच केलं. चेहरा नितळ झाला, लाल गुण होते तेवढेच राहिले. आई म्हणाली, “आता कसा बरा दिसतो.” आणि त्याच संध्याकाळी पत्रकार बाई पुन्हा भेटल्या.