दारावरचा कॅमेरा: ताशी २० किलोमीटरचे चार आठवडे

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरचा बाहेरून शॉट घ्यायचा आहे. पुढचं चाक, दार आणि स्टिअरिंगवरचे हात, सगळं एकाच चौकटीत. गाडी दादाची, चालवणारही तोच. लक्ष ठेवायला ताई आणि कॅमेऱ्यामागे मी. जागा म्हणजे मालकाकडून लेखी परवानगी घेतलेलं एक मोकळं बंदिस्त आवार. आत दुसरी वाहनं नाहीत, पायी येणारं-जाणारं कोणी नाही.

आठवडा १: गाडी उभी, तरी कॅमेरा लोंबकळला

रिग साधाच होता. हाताच्या पंपाने हवा काढायचे सहा इंची तीन सक्शन कप घेतले. दोन पुढच्या दारावर आणि तिसरा बॉनेटच्या कडेजवळ, असा त्रिकोण केला. मधे लोखंडी दांडे आणि त्यावर कॅमेरा. सगळं मिळून अडीच किलो. पंपाच्या दट्ट्यावर एक लाल रेघ असते. निर्वात पुरेसा झाला की ती आत जाते आणि हवा शिरू लागली की पुन्हा बाहेर डोकावते. हे मला पाठ होतं, पण बघायला कोणी नव्हतं. मी मॉनिटरमध्ये चौकट बसवत होतो आणि गाडी उन्हात उभी होती. चाळीसेक मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज आला. दारावरचा वरचा कप सुटला, दांडा फिरला आणि कॅमेरा सुरक्षा दोरावर लोंबकळून दारावर आदळला. दोर होता म्हणून कॅमेरा वाचला. दोर लांब होता म्हणून दाराला पोचा पडला. दादा फक्त एवढंच म्हणाला, "चालत्या गाडीत झालं असतं तर?"

कारण शोधायला दुसरा दिवस गेला. दारावर जुन्या पॉलिशचा मेणचट थर होता, अंगठ्याने घासल्यावर कळला. पत्रा आणि रबर दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, त्याच जागी तोच कप लावला, तर दोन तास रेघ हलली नाही. आता कप लावायच्या आधी आणखी एक गोष्ट करतो. पत्रा अंगठ्याने दाबून बघतो. तो आतबाहेर होत असेल तर ती जागा सोडतो, कारण खड्ड्यात पत्रा लवतो आणि कपाच्या कडेखालून हवा शिरते. गाडीवर रंगीत विनाइल चिकटवलं असेल तर तिथे कप लावूच नका. कप विनाइलला घट्ट धरतो, पण विनाइल पत्र्याला तेवढं धरेलच असं नाही.

दोर आता दोन आहेत. एक रिगचा, एक फक्त कॅमेऱ्याचा. दोन्ही स्टीलचे, आणि दोन्हींचं दुसरं टोक गाडीच्या पक्क्या भागाला. तेच टोक रिगच्याच दुसऱ्या दांड्याला बांधणं म्हणजे बुडणाऱ्याने बुडणाऱ्याचा हात धरणं. लांबी ठरवायची आमची रीत अशी: कप मुद्दाम सोडायचे, रिग हाताने धरून हळूहळू खाली जाऊ द्यायचा आणि तो जमिनीला किंवा चाकाला लागण्याच्या बराच आधी दोर ताणला जातो का ते बघायचं.

आठवडा २: वारा की खड्डा

सुरुवातीला मला वाऱ्याची धास्ती होती. हिशेब केला तेव्हा चित्र उलटं निघालं. माझ्या कॅमेऱ्याचा समोरचा आकार साधारण १५ बाय १५ सेंटिमीटर. ताशी ६० किलोमीटरला त्यावर वाऱ्याचा जोर जेमतेम ४०० ग्रॅम वजनाएवढा येतो, आणि २० ला त्याचा नववा हिस्सा. खरी मारामारी खड्ड्याशी आहे. चाक दणकन आपटलं की क्षणभर अडीच किलोचा रिग पाच-सात किलोंसारखा ओढतो, तोही दारापासून ३० सेंटिमीटर बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाशी. म्हणून आम्ही दांडा जमेल तेवढा आखूड केला, कॅमेरा दाराजवळ आणला आणि लेन्स जास्त वाइड घेतली. शॉट शूट करण्याआधी तिघंही तो रस्ता पायी चालून येतो. ताईने एक खोलगट खाच हेरली, ती मला गाडीतून कधीच दिसली नसती.

वेग २० वरच ठेवण्याचं पहिलं कारण हे खड्डे. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सुटलेल्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे तोच कॅमेरा ६० ला सुटला तर २० च्या नऊपट जोराने कशावर तरी आदळणार.

आठवडा ३: २० चे ४२ कसे केले

पण २० किलोमीटरने चाललेली गाडी पडद्यावर बैलगाडीसारखी दिसते, ही तुमची तक्रार मला माहीत आहे. माझीही तीच होती. उपाय फ्रेम रेटमध्ये निघाला. आमचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असतो. कॅमेऱ्याच्या 'स्लो अँड क्विक' मोडमध्ये १२ फ्रेम ठेवल्या आणि तेच २५ ने वाजवलं, की वेग दुपटीहून थोडा जास्त होतो. २० चे जवळजवळ ४२ दिसतात.

यात शटर विसरू नका, सगळी गंमत त्यात आहे. २५ फ्रेमला आपण १/५० ठेवतो. १२ फ्रेमला १/२५ ठेवायचं. २० च्या वेगाने गाडी १/२५ सेकंदात साधारण २२ सेंटिमीटर जाते. खरोखर ४२ ने पळणारी गाडी १/५० सेकंदात जेमतेम एक सेंटिमीटर जास्त जाते. म्हणजे रस्त्याचा पुसटपणा जवळपास हुबेहूब जुळतो आणि डोळा फसतो. मी पहिल्यांदा १/१०० वर ठेवलं होतं, तेव्हा प्रत्येक खडा कोरल्यासारखा दिसला आणि वेग वाढवलेला लगेच कळला. शटर एवढं उघडं ठेवल्यामुळे भर उन्हात प्रकाश कमी करणारा जाड एनडी फिल्टर लेन्सवर लागतो. कॅमेरा जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आणला तर वेग आणखी जास्त भासतो.

मर्यादाही सांगतो. गाडीत जे जे हलतं ते सगळं दुप्पट वेगाने हलतं. दादाने एकदा सहज कान खाजवला, तो मूकपटातला विनोद झाला. आता तो स्टिअरिंग संथ फिरवतो, मान हळू वळवतो. वळणात गाडी कलते तेव्हा तो कलही झटक्यात येतो, म्हणून वळणं २५ फ्रेमनेच घेतो.

थरथर कुठून येते हे ओळखायला एक चाचणी उपयोगी पडली. गाडी उभी, इंजिन चालू, एक मिनिट रेकॉर्डिंग. यातच चित्र जेलीसारखं लिबलिबत असेल तर दोष इंजिनच्या कंपनांचा आहे, मग दांड्याची लांबी बदला किंवा तिरका आधार देणारा आणखी एक दांडा घाला. उभ्या गाडीत चित्र स्वच्छ आणि चालताना खराब, तर रस्ता आणि टायर. रिग कडक असेल तर लेन्सचं आणि सेन्सरचं स्थिरीकरण मी बंद ठेवतो. फोन लावणाऱ्यांसाठी जाता जाता: मोठ्या मोटरसायकलच्या इंजिनच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला आहे.

याच आठवड्यातली विम्याची पत्रं

पोचा पडल्यावर विमा कंपनीला विचारलंच. फोनवर "हो, होईल" असं उत्तर आलं, पण तेच लेखी मागितल्यावर सूर बदलला. लेखी उत्तर आमच्या पॉलिसीपुरतं होतं, तुमच्या शब्दरचनेत ते वेगळं असेल. पण प्रश्न हेच विचारा.

पहिला प्रश्न वापराचा. आमची पॉलिसी खासगी वापराची आहे. व्हिडिओतून पैसे मिळणार असतील तर तो व्यावसायिक वापर धरला जाईल, असं स्पष्ट लिहून आलं. दुसरा, रिगमुळे रंगाला किंवा पत्र्याला झालेलं नुकसान. ते आम्ही स्वतः करून घेतलेलं, म्हणून भरपाई नाही. तिसरा, पडलेल्या कॅमेऱ्याचा. गाडीचा विमा कॅमेऱ्याला लागू नाही. कॅमेऱ्याच्या वेगळ्या विम्यात चालत्या वाहनाच्या बाहेर लावलेली उपकरणं वगळलेली निघाली. हे वाचल्यावर मित्राकडून आणलेला चांगला कॅमेरा त्याच दिवशी परत केला. बाहेर आता माझा जुनाच असतो. भाड्याची गाडी घेणार असाल तर करारात बाहेर काही लावायला बंदी आहे का ते आधी बघा.

चौथा मुद्दा आम्हाला सुचलाच नव्हता. एका चालत्या गाडीतून दुसरीचा ट्रॅकिंग शॉट घ्यायला दादाच्याच दोन गाड्या वापरायच्या होत्या. त्या एकमेकींवर आदळल्या तर? तृतीय पक्षाचं संरक्षण दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी असतं, आपल्याच दुसऱ्या गाडीसाठी नाही.

आठवडा ४: दोन गाड्या

त्यामुळे कॅमेऱ्याची गाडी ताईची घेतली, आणि तिच्या विमा कंपनीलाही आधी लिहिलं. ताई चालवते, मी मागच्या सीटवर पट्टा लावून, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल खिडकीच्या आत. खिडकीतून धड बाहेर काढणं नाही, सनरूफ नाही. डिकी उघडी ठेवून शूट करायचा मोह होतो. तो टाळा, पडण्याच्या भीतीइतकाच धुरासाठी. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड उघड्या डिकीतून आत ओढला जातो. त्याला वास नसतो. डोकं जड होईपर्यंत कळत नाही.

दादाची गाडी मागे, तिरक्या रेषेत. २० च्या वेगाला प्रतिक्रियेच्या एका सेकंदात साडेपाच मीटर आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे सव्वादोन, म्हणजे थांबायला सुमारे आठ मीटर लागतात. आम्ही दहा ठेवले आणि जवळीक लांब लेन्सने आणली. दोन्ही ड्रायव्हरांनी मॉनिटर बघायचा नाही हे आधीच ठरलं होतं. वॉकीटॉकीवर दोनच शब्द: 'चालू' आणि 'सोड'. 'सोड' ऐकलं की मागची गाडी आधी मंदावते, पुढची तिच्यानंतर. ताई ब्रेकला हात लावण्याआधी, म्हणजे पाय लावण्याआधी, बोलून दाखवते. पहिल्याच फेरीत ती न बोलता थांबली. दादाला ब्रेक दाबावा लागला आणि तो टेक गेला. नंतरच्या सहा फेऱ्या नीट झाल्या, त्यातल्या दोन वापरण्याजोग्या आहेत.

दर फेरीनंतर तिन्ही पंपांच्या रेघा ताई बघते आणि मोठ्याने सांगते. चौथ्या फेरीनंतर बॉनेटवरच्या कपाची रेघ केसभर बाहेर दिसली. ऊन वाढलं होतं आणि पत्र्याला हात लावणं कठीण झालं होतं. कप काढून सावलीत गाडी निवू दिली. रंगावर कपाचा गोल वण उमटला आहे, तो अजून पूर्ण गेलेला नाही. दुसऱ्या गिअरला दारावरचा दांडा गुणगुणतो, तो चौथा दांडा घातला तर थांबतो का ते पुढच्या खेपेला बघायचं आहे.