वही उघडली की निळा रंग बदलतो: डेमो चित्रीकरणाचा माझा अनुभव

हाताने शिवलेल्या वह्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी छोटी डेमो चित्रफीत करताना जागा लावणे, काय दाखवायचे ते ठरवणे आणि शेवटी काटछाट करणे ही कामे विनासायास पार पडली. मला जेरीस आणले ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने न मागता केलेल्या मदतीने, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

वहीचे आवरण गडद निळ्या सुती कापडाचे होते, आतली पाने पांढरी होती आणि ती मधोमध उघडल्यावर सपाट पडते हेच मला दाखवायचे होते. वही मिटलेली असताना निळा रंग धुऊन काढल्यासारखा फिका दिसे. उघडताच पाने मळकट करडी होत आणि कडेला दिसणारे तेच कापड जवळजवळ काळे पडे. हा बदल एकाच दृश्यात, पान उलटता उलटता घडे. ग्राहकाने यातला कोणता निळा खरा मानायचा?

ज्याला विचारावे तो म्हणे, दिवे वाढवा. दिवे वाढवूनही काहीच फरक पडला नाही, आणि त्याला कारण आहे. उजेड आपोआप ठरवणारा कॅमेरा साधारणपणे चौकटीतला एकूण उजेड मध्यम करड्या पातळीला आणू पाहतो. चौकट गडद कापडाने भरली की तो चित्र उजळतो आणि पांढऱ्या पानांनी भरली की दाबतो, मग खोलीत दिवा एक असो वा चार. दोष खरोखर याचाच आहे का, हे ओळखायचे असेल तर वहीकडे पाहू नये, टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहावे. वही हलताना तिथला उजेडही कमीजास्त होत असेल, तर कॅमेराच मधे लुडबुड करत आहे. टेबल स्थिर राहून फक्त कापडच बदलत असेल, तर चमक किंवा सावली शोधावी.

उपाय म्हणजे उजेडाची पातळी कुलूपबंद करणे. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरले की ती पातळी आणि फोकस दोन्ही अडकतात. काहींवर तेव्हा AE/AF LOCK असे अक्षरही उमटते. मात्र बोट कशावर ठेवायचे हा खरा प्रश्न आहे. कापडावर ठेवले तर पाने जळल्यासारखी पांढरीफट्ट होतात, पानांवर ठेवले तर कापडाची वीण अंधारात जाते. म्हणून वहीच्या जागी, त्याच उजेडात, मध्यम करडा कागद ठेवून त्यावर मी पातळी अडकवली आणि शेजारची सूर्याची खूण खाली ओढत पानाचा पोत दिसू लागेपर्यंत उजेड किंचित कमी केला. त्यानंतर वही मिटली काय किंवा उघडली काय, निळा निळाच राहिला.

रंगछटा अडकवणे ही मात्र वेगळी बाब आहे, कारण उजेड अडकला तरी ती सरकत राहू शकते. मोबाइलमध्ये हाताने मांडणी करायची सोय असेल, तर खिडकीच्या उजेडासाठी व्हाइट बॅलन्स सुमारे 5500 केल्व्हिनवर ठेवावा आणि छताचा पिवळा दिवा बंद करावा. तो साधारण 2700 ते 3000 केल्व्हिनचा असतो, त्यामुळे दोन्ही उजेड एकत्र आले की वहीची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर दिसते, आणि ते कुठल्याच मांडणीने सुधारत नाही.

प्रकाशयोजना म्हणाल तर डावीकडे पातळ पांढरा पडदा ओढलेली खिडकी आणि उजवीकडे, चौकटीत येणार नाही इतक्या जवळ, उभा पांढरा पुठ्ठा एवढीच होती. शिवणीचा दोरा दाखवताना मी खिडकीऐवजी वहीच फिरवली, म्हणजे कण्यावर उजेड तिरपा घासून गेला आणि प्रत्येक टाक्याच्या बाजूला बारीक सावली पडून तो उठून दिसला.

कोनांपैकी वरून घेतलेले दृश्य सर्वांना आवडते, पण सपाटपणा सिद्ध करते ते टेबलाच्या पातळीवरून घेतलेले दृश्य, कारण वरून पाहिल्यास फुगलेले पानही सपाटच वाटते. वरून घेताना मोबाइल थोडा उंच धरून दुप्पट झूम वापरावे. अगदी जवळून रुंद भिंगाने घेतले तर कॅमेऱ्याच्या बाजूला उचललेले पान उगाच मोठे दिसते. मोबाइल जरा जरी कलला तरी वहीचा आयत वाकडा दिसतो, तेव्हा चौकटीच्या जाळीच्या रेषा वहीच्या कडांशी जुळवून घ्याव्यात.

एक सांगायचे राहिले: ढगांची ये-जा चालू असेल तर हे कुलूपच अडचणीचे ठरते, कारण खिडकीचा उजेड बदलला की कॅमेरा आता तो सावरत नाही. अशा दिवशी दृश्ये छोटी घ्यावीत, प्रत्येक वेळी करड्या कागदावर पातळी नव्याने अडकवावी आणि कॅमेरा बंद करून पुन्हा उघडला असेल तर कुलूप सुटलेले असणार असे धरूनच चालावे.