डाव्या कोपऱ्याचा हात

सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण आलं आणि पहिले आठवले ते आपले कबड्डीचे सर. शाळेने मला खूप दिलं, पण लिहायला बसलो की सरच समोर येतात.

2012 साली मी दहावीत होतो, संघाचा मुख्य चढाईपटू. सर रेषेबाहेरून सतत ओरडायचे. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि समोर सहा जण होते, म्हणजे बोनस मिळत होता. सर ओरडले, "बोनस घे, बोनस!" मी पाय टाकला आणि डाव्या कोपऱ्यात उभ्या खेळाडूने घोटा धरला. सगळ्यांसमोर सर म्हणाले, "तुझ्यामुळे गेलं." दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर गेलो नाही.

नवव्या दिवशी सर मार्केट यार्डात आले. मी वडिलांबरोबर हळदीची पोती मोजत होतो. आधी त्यांनी समजावलं, मग रागावले. मी गप्पच. शेवटी ते पोत्यावर टेकले आणि म्हणाले, "बरं, तू सांग. आत काय झालं?" असं त्यांनी आजवर कधीच विचारलं नव्हतं.

मी सांगितलं, "सर, कोपरा झेपावायच्या आधी शेजाऱ्याचा हात सोडतो. तो हात मी बघत असतो. त्या दिवशी तुम्ही ओरडल्याबरोबर त्याने हात सोडला. तुमचा आवाज त्यालाही ऐकू येतो. आणि माझ्या तोंडात कबड्डी कबड्डी, मी तुम्हाला उत्तर कसं देणार?"

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. हाताला लागलेली हळद पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः डाव्या कोपऱ्यात उभे राहिले, फुलपँट दुमडून. एका पोराला "बोनस" म्हणून ओरडायला लावलं आणि मला पाच चढाया करायला लावल्या. चार वेळा त्यांनी माझा घोटा धरला. मग सगळ्यांना गप्प केलं आणि पुन्हा पाच. या वेळी एकदाच धरला. उठून, गुडघ्याची माती न झटकता म्हणाले, "चूक माझी होती." पंधरा पोरांसमोर.

त्यानंतर चढाई करून आलेल्याला सर आधी विचारायचे, "काय दिसलं?" तो सांगेल ते वहीत लिहायचे आणि मगच बोलायचे. सामन्यात सूचना फक्त विश्रांतीत. ओरडायची सवय एकदम गेली नाही. कितीदा तरी तोंड उघडून त्यांनी मिटलेलं मी पाहिलंय. पण आमचा बुजरा मध्यरक्षकसुद्धा त्या वर्षी बोलायला लागला, हे मला जिंकण्याहून मोठं वाटतं.

आज मी बँकेत आहे, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची कबड्डी घेतो. मागच्या महिन्यात शाळेत गेलो, तर अर्ध्या मैदानावर पेव्हर ब्लॉक. जीव तुटला. आपण माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उरलेल्या अर्ध्यात तरी लाल माती टाकू या. पहिल्या ट्रॉलीचे पैसे माझे.