रेटिनॉल अपडेट ४: सोलणं का थांबत नव्हतं ते सराफाच्या काट्यावर कळलं

मागच्या अपडेटमध्ये मी फार ऐटीत लिहिलं होतं की सहा आठवडे झाले, ०.३ टक्के रेटिनॉल एक रात्र सोडून एक लावतेय आणि चेहरा एकदम शांत आहे. ते लिहून चार दिवस नाही झाले तर नाकाच्या दोन्ही बाजू, ओठांचे कोपरे आणि हनुवटी सोलायला लागली. थोडंथोडकं नाही, सनस्क्रीन लावलं की बोटाखाली खोडरबराच्या काड्यांसारखे वळ निघायचे.

त्यात डिसेंबर, म्हणजे आमच्याकडे भरीत पार्ट्यांचा महिना. रविवारी मामेभावाच्या शेतात गेलो, तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या बडवून केलेलं भरीत, कळण्याची पुरी, आणि पहिल्याच घासाला ओठांच्या कोपऱ्यात असा काही जाळ झाला की डोळ्यातून पाणी. भाऊ म्हणे, "काय भो ताई, तिखट झेपत नाही का आता तुले?" त्याला काय सांगू, की तिखटाचा दोष नाही, माझी कातडीच उघडी पडलीय. सासूबाईंनी घरी आल्यावर साय लावायला दिली. लावली नाही, पण त्यांचं निदान (कोरडं पडलंय) अर्धं बरोबर होतं.

तर हा अख्खा अपडेट त्या सोलण्याचाच आहे.

आधी माझं वेळापत्रक, नवीन लोकांसाठी परत. ऑक्टोबरमध्ये ऊन उतरल्यावर सुरू केलं. पहिले ३ आठवडे सोमवार आणि गुरुवार. मग २ आठवडे आठवड्यातून तीनदा. मग एक दिवसाआड. सुरुवातीला सँडविच, म्हणजे खाली क्रीम, मधे रेटिनॉल, वर परत क्रीम. दिवसाआड चालू केलं तेव्हा मात्र सँडविच सोडलं, म्हटलं आता कातडीला सवय झाली. त्याच आठवड्यात सिरॅमाइडवालं घट्ट क्रीम संपलं म्हणून घरात पडलेलं जेल मॉइश्चरायझर काढलं. आणि त्याच आठवड्यात जळगावला खरी थंडी पडली. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मग मीच डोकं धरून बसले की कशामुळे सोललं.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. सोलणं आज लावलं आणि उद्या आलं असं नसतं, ते तीन-चार दिवस मागून येतं. म्हणजे शनिवारी पापुद्रा दिसला तर चूक मंगळवारची असते आणि मधे अजून एकदा लावून झालेलं असतं. म्हणून मी प्रत्येक वेळी "काल तर काहीच झालं नाही" म्हणत पुढचा थर चढवत होते.

पहिलं काम, सगळं बंद. १० रात्री रेटिनॉल नाही, दोन टक्के सॅलिसिलिकचा फेसवॉश नाही (तो पण चालूच होता, हो, मला शिव्या घाला), फक्त साधा क्लिन्झर, घट्ट क्रीम आणि कोपऱ्यांवर व्हॅसलीन. सुरुवातीला साधं क्रीमसुद्धा झोंबायचं. माझ्या मते ही सगळ्यात सोपी खूण आहे, रोजचं निरुपद्रवी क्रीम झोंबायला लागलं की कातडीचा वरचा बांध फुटलाय, तेव्हा ताकद, वार, काही मोजत बसायचं नाही, थांबायचं. सहाव्या दिवशी झोंबणं गेलं, पण पापुद्रे पूर्ण जायला दहा दिवस लागले. आणि स्कूटीवर स्टोल नाकावरून घट्ट बांधतो ना आपण, तो नेमका सोललेल्या जागी घासतो, ते पण सैल केलं.

आता मुख्य गंमत. सगळे सांगतात वाटाण्याएवढं घ्या. मी इमानदारीत वाटाण्याएवढंच घेत होते. पण थंडीत आमच्या बाजारात येणारा वाटाणा बघितलाय का? टपोरा, गोटीसारखा. माझी चुलतबहीण सराफ बाजारात एका दुकानात कामाला आहे, तिच्याकडे मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असतो. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा गेले, बटर पेपरवर माझा नेहमीचा "वाटाणा" काढला आणि ठेवला. ०.७० ग्रॅम! बहीण म्हणे, एवढ्या सोन्याचे किती होतात माहितीय का.

विश्वास बसेना म्हणून दुसरी तपासणी केली. माझ्याकडे त्याच कंपनीची ३० ग्रॅमची दुसरी सीलबंद ट्यूब होती (सेल होता, मोह झाला). नवी टोपणासकट ३८.६ ग्रॅम भरली, जुनी २५.१. म्हणजे १३.५ ग्रॅम वापरलं. डायरीत मोजल्या तर रात्री १९. भागिले तर दर रात्री ०.७१ ग्रॅम. काटा खोटं बोलत नव्हता.

पूर्ण चेहऱ्याला साधारण पाव ग्रॅम पुरतं. मी जवळजवळ तिप्पट थापत होते. टक्केवारीवर आपण इतकं भांडतो, ०.२ की ०.३ की ०.५, आणि इथे ०.३ चाच थर तिप्पट जाड, मग कसलं बिगिनर. पहिले पाच आठवडे हे पचलं कारण मधे दोन-तीन दिवस कातडीला सावरायला मिळत होते आणि खाली-वर क्रीम होतं. दिवसाआड झालं, क्रीम गेलं, थंडी आली, आणि उधारी एकदम वसूल झाली. जास्तीचं रेटिनॉल जाऊन बसतं पण कुठे, तर नाकाच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात, जिथे कातडी नाजूक. म्हणून तिथूनच सोललं, कपाळाला काही झालं नाही.

पाव ग्रॅम दिसतं कसं? काट्यावर काढून मग डोळ्यात भरून घेतलं, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, बस. आता कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके देते आणि तिथून बाहेरच्या बाजूला पसरवते, नाकाच्या खाचेकडे ओढत नाही. कोपऱ्यांवर आणि डोळ्यांखाली आधीच व्हॅसलीनचा पातळ हात. आणि तोंड धुतल्यावर १५-२० मिनिटं थांबते, ओल्या चेहऱ्यावर ते जास्त आत शिरतं. तेवढ्यात भांडी होतात.

ताकदीबद्दल थोडं, कारण मागच्या वेळी दोघींनी विचारलं होतं. रेटिनॉल कातडीत गेल्यावर दोन पायऱ्या चढून रेटिनोइक अॅसिड होतं, आधी रेटिनाल्डिहाइड, मग ते. डॉक्टर देतात ते ट्रेटिनॉइन म्हणजे थेट शेवटचीच पायरी. म्हणून ट्रेटिनॉइन ०.०२५ बघून "हे तर माझ्या ०.३ पेक्षा कमी आहे" म्हणू नका, ते कितीतरी तेज असतं. तसंच डब्यावर "ग्रॅनअॅक्टिव्ह रेटिनॉइड २ टक्के" दिसलं तर घाबरू पण नका, त्यात खरं रेटिनॉइड ०.२ टक्केच असतं, बाकी त्याचं द्रावण, आणि ते रेटिनॉलपेक्षा वेगळं, सौम्य प्रकरण आहे. मी आज परत सुरू केलं असतं तर ०.१ किंवा ०.२ नेच केलं असतं. युरोपात तर २०२४ च्या नियमाने चेहऱ्याच्या कॉस्मेटिकमध्ये ०.३ हीच कमाल मर्यादा ठरवली आहे, आणि आपण ०.३ ला सुरुवातीचं म्हणतोय.

आणि मेडिकलवाल्याला विचारू नका प्लीज. मी "रेटिनॉल आहे का" म्हटलं तर एकाने गोरं करणारी ट्यूब पुढे केली, मागे वाचलं तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. वर म्हणे सगळ्या बायका नेतात.

दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग केला. दोन आठवडे, सोमवार-गुरुवार, एकूण ४ रात्री, मोजून पाव ग्रॅम, घट्ट क्रीम परत आणलं. उजवीकडे पूर्ण सँडविच, डावीकडे फक्त खाली क्रीम आणि वर रेटिनॉल उघडं. उजवीकडे एकही पापुद्रा नाही. डावीकडे दुसऱ्या आठवड्यात जबड्याजवळ किंचित भुसा, तोही एकच दिवस. नाकाशी दोन्हीकडे काही नाही!! रविवारी परत भरीत खाल्लं, दोन वाढपं, डोळ्यात पाणी फक्त मिरचीचं.

सँडविचने जोर थोडा कमी होतो, मान्य. पण सुरुवातीला तेच तर हवंय. आणि वरचा थर घट्ट क्रीमचाच पाहिजे. जेलमध्ये बहुतेक पाणी असतं, आमच्या कोरड्या थंडीत ते तासाभरात उडून जातं आणि रेटिनॉलने आधीच कातडीतलं पाणी निसटत असतं. पावसाळ्यात जेल चालेल.

आता हे लिहिताना लक्षात आलं, मी झोपते डाव्या कुशीवर. म्हणजे डावीकडचा भुसा उशीच्या घासण्याने पण असू शकतो की! हात्तिच्या. तर पुढचे दोन आठवडे बाजू बदलणार, डावीकडे सँडविच, उजवीकडे उघडं. डावीकडे तरीही भुसा आला तर उशी दोषी.

आधीचा प्लॅन होता संक्रांतीनंतर ०.५ आणायचा. रद्द. पाव ग्रॅमने ०.३ म्हणजे माझ्यासाठी खरं तर नवीनच औषध, त्याचीच आधी एक-एक रात्र वाढवते, प्रत्येक वाढीनंतर दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फेसवॉशसुद्धा. मार्चनंतर तर आमच्याकडे ऊन असं पेटतं की तेव्हा वाढवायचा प्रश्नच नाही, उलट आठवड्यातून दोनवर उतरवेन. सनस्क्रीन आत्ताही रोज, एसपीएफ ५०.

अजून एक हिशोब डोक्यात आला. पाव ग्रॅमने ३० ग्रॅमची ट्यूब १२० रात्री जाते, दिवसाआड लावलं तर ८ महिने. माझ्या ट्यूबवर उघडल्यानंतर ६ महिने असं चिन्ह आहे, आणि रेटिनॉल हवा-उजेडाने मरतं. म्हणजे दुसरी ट्यूब घेणं शुद्ध वेडेपणा होता, १५ ग्रॅमची मिळाली तर तीच घ्या, अॅल्युमिनियमची. ड्रॉपरच्या काचेच्या बाटल्या मला पटत नाहीत, दर वेळी झाकण उघडलं की हवा आत. आणि एप्रिल-मेमध्ये ऑनलाइन मागवू नका, ४४ डिग्रीत पार्सल गाडीत भाजून येतं, मागच्या वर्षी मला आलेलं क्रीम पिवळ्याचं तपकिरी झालेलं होतं, परत घ्यायला त्यांनी तीन आठवडे झुलवलं.

सीलबंद ट्यूब नणंदेला देणार होते, तीच म्हणाली, "वहिनी, तुमचं ते दुसरं द्या ना मला." पण त्यांचं बाळासाठी चालू आहे, त्या काळात रेटिनॉल नाहीच, म्हणून दिली नाही, थोडी फुगलीय. तिला अॅझेलिक अॅसिडचं डॉक्टरला विचारायला सांगितलंय. ट्यूब कपाटात आहे, जळगावात कुणी आधीपासून ०.३ वर असेल तर सांगा, अर्ध्या किमतीत देते, वजन करून घ्या हवं तर.